बाईंची सही: बँकेच्या काउंटरवरचं एक प्रकरण

देवगड तालुक्यातल्या बाजाराच्या एका गावात बँकेची छोटी शाखा आहे. एक मॅनेजर, एक अधिकारी, दोन काउंटर आणि एक शिपाई, एवढाच कारभार. गणेशचतुर्थीच्या आधीचा आठवडा म्हणजे या शाखेचा सगळ्यात गर्दीचा काळ. मुंबईहून चाकरमानी येणार असतात, घराची साफसफाई आणि रंग चालू असतो, गणपतीच्या वर बांधायच्या माटवीचं सामान आणायचं असतं, आणि या सगळ्याला लागणारे पैसे गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या खात्यात असतात. खाली लिहिलेला प्रसंग त्याच आठवड्यातला. काउंटरवरचा क्लार्क, अधिकारी आणि ज्यांचं खातं त्या बाई, अशा तिघांशीही बोलून तो मांडला आहे. बँकेचं आणि कुणाचंही नाव देत नाही. ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत.

खातेदार ऐंशीच्या घरातल्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नवरा नाही, मुलगी डोंबिवलीला. पेन्शन याच शाखेत जमा होते. त्या दिवशी पुतण्याच्या मुलाला सोबत घेऊन सकाळच्या एसटीने आल्या होत्या आणि साडेबाराच्या गाडीने परत जायचं होतं. ती चुकली की पुढची गाडी थेट दुपार उलटल्यावर. काम एकच, आठ हजार रुपये काढायचे.

काउंटरवरचा क्लार्क बँकांच्या सामाईक परीक्षेतून लागलेला, मूळचा मराठवाड्याचा, शाखेत येऊन थोडे महिने झालेले. मुलगा कामाला चोख, आणि उद्धट तर मुळीच नाही. बाई काचेसमोर आल्यावर त्यानं रीतसर हसून म्हटलं, "नमस्कार आजी. बोला, काय काम आहे?"

इथवर ठीक होतं. प्रकरण सुरू होतं ते यानंतर.

पहिली पाच मिनिटं

काउंटरच्या काचेला जे बोलायचं भोक असतं ते उभ्या तरुण माणसाच्या तोंडाशी येतं. पाठीत वाकलेल्या बाईंचं तोंड त्याच्या बरंच खाली होतं. वर पंखा, शेजारी पासबुक प्रिंटरची करकर. बाई म्हणाल्या, "आठ." क्लार्कला ऐकू आलं "साठ." त्यानं खात्री करायला मोठ्यानं विचारलं, "साठ हजार?" मागची रांग ऐकत होती. बाईंनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची हे त्याला कळलं नाही. सोबतचा मुलगा मध्ये पडला, "नाय नाय, आठ." तेव्हापासून क्लार्क मुलाशीच बोलू लागला.

बाईंनी पैसे काढायची स्लिप घरूनच भरून आणली होती. सही मात्र काउंटरवर, उभ्यानं, काचेखालच्या अरुंद पट्टीवर केली. क्लार्कनं स्क्रीनवरची नमुना सही काढून पाहिली. ती खातं संगणकावर आलं तेव्हा स्कॅन केलेली, म्हणजे बाई नोकरीत असतानाची. वळणदार, एका झटक्यात केलेली, खाली ठसठशीत रेघ. स्लिपवरची सही मात्र थरथरलेली, शिरोरेषा तुटक, शेवटची अक्षरं एकमेकांवर चढलेली.

"आजी, सही जुळत नाही. परत करा." बाईंनी परत केली, ती आणखी बिघडली. "सावकाश, नीट काढा आजी." तिसरी सही पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळी आली. मग क्लार्कनं मुलाकडे पाहून, त्याच्या दृष्टीनं मदत करायला, सांगितलं, "यांचा अंगठा घ्यावा लागेल."

बाई म्हणाल्या, "माका सही येत नाय असा वाटता तुका? आयुष्यभर मस्टरवर सही केलंय मी." आणि स्लिप, पासबुक पिशवीत टाकून त्या जायला निघाल्या.

काय चुकलं ते नेमकं

हात कापण्याचा जो प्रकार म्हातारपणी सर्रास दिसतो, तो हात कामाला लागला की वाढतो, आणि कुणी बघतंय, घाई आहे, आपण चुकतोय असं वाटलं की आणखी वाढतो. म्हणजे "परत करा" हे वाक्य सही सुधारण्यासाठी बोललं गेलं, तरी त्याचा परिणाम नेमका उलट होणार. दुसरी सही पहिलीपेक्षा बिघडली तिथेच थांबायला हवं होतं. काउंटरवर ओळखायची खूण हीच. सह्या उत्तरोत्तर खराब होत असतील तर प्रश्न माणूस खरा की खोटा हा नसून हाताचा आणि मनावरच्या ताणाचा आहे. दुसऱ्याची सही गिरवणाऱ्याचं बहुधा याच्या उलट असतं. त्याची सही संथ, जपून काढलेली असते, आणि पुन्हा करायला सांगितली तरी पहिलीच्या जवळपास येते.

"सावकाश, नीट काढा" हा सल्लाही तसाच फसवा आहे. सही हे हाताला पडलेलं वळण असतं. माणूस ती लिहीत नाही, हात ती करून टाकतो. सावकाश काढायला सांगितलं की हात अक्षरं लिहू लागतो आणि ती सही राहतच नाही. थरथरणाऱ्या सहीतही अक्षरांचा क्रम, कुठून सुरुवात होते, रेघ कुठे ओढली जाते, हात कुठे उचलला जातो, या गोष्टी टिकून असतात. पाहणाऱ्यानं त्या पाहायच्या. बाईंच्या पहिल्या सहीत आडनावाच्या पहिल्या अक्षराला मागून दिलेला फाटा आणि खालची रेघ दोन्ही होती. नंतर अधिकाऱ्यानं दोन्ही सह्या शेजारी ठेवून क्लार्कला दाखवल्या, तेव्हा त्यालाही ते पटलं.

ऐकण्याच्या बाबतीतही असंच. वयामुळे कान जातात तेव्हा बहुतेकांचे आधी उंच पट्टीतले आवाज जातात. 'स', 'श', 'त', 'फ' यांसारखे ध्वनी पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला 'कुणीतरी बोलतंय' हे कळतं, 'काय बोलतंय' ते कळत नाही. आपण आवाज चढवला की पट्टीही चढते, म्हणजे जे ऐकू येत नाही त्याच बाजूला आपण जातो. वर ते ओरडल्यासारखं वाटतं ते वेगळंच. आवाज थोडा खालच्या पट्टीत, वाक्य तोकडं, तोंड समोर आणि उजेडात, एवढ्यानं भागतं. आकड्यांच्या बाबतीत तर मराठी फारच दगाबाज. आठ, साठ, सात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर. काचेच्या अलीकडून हे तरुण कानांनाही नीट लागत नाहीत. त्यामुळे आकडा बोलून विचारायचाच नाही. कोऱ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ८,००० लिहायचं, चिठ्ठी काचेखालून सरकवायची आणि "एवढेच ना?" म्हणून विचारायचं. यात दुसरा फायदा असा की खात्यातली रक्कम रांगेला कळत नाही. लहान गावात कुणी साठ हजार काढले ही बातमी एसटी स्टँडवर माणसाच्या आधी पोचते.

राहिला अंगठा. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या सूचनांमध्ये वृद्ध, आजारी, सही करता न येणाऱ्या खातेदारांसाठी ही सोय आहे. अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि तो बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा. त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सोय चांगली आहे आणि अनेकांची त्यामुळे अडचण दूर होते. पण ज्या बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, त्यांना रांगेसमोर 'अंगठा घ्या' म्हणणं म्हणजे काय, हे क्लार्कला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मात्र ते त्यानं बाईंना न विचारता मुलाला सांगितलं, ही गोष्ट माहिती नसतानाही टाळता आली असती.

अधिकारी काय करते

अधिकारी मालवणची. बाई निघाल्या हे तिनं पाहिलं, आणि दारातल्या शिपायानं तिला हळूच सांगितलं, "मॅडम, ह्यो आमच्या शाळेतल्यो बाई." एवढी माहिती तिला पुरली. ती काचेबाहेर आली आणि म्हणाली, "बाई, या ना. वायच बसा."

कोकणात निवृत्त शिक्षिकेला सगळा गाव बाई म्हणतो आणि शिक्षकाला गुरुजी. क्लार्कनं आजी म्हटलं त्यात गैर काही नव्हतं. साठीच्या पुढच्या अनोळखी बाईला आजी किंवा काकी म्हणावं, हे बरोबरच आहे. पण पासबुकावरचं नाव, पेन्शन खातं आणि शिपाई या तीन ठिकाणांहून माणूस कोण आहे हे कळू शकतं, आणि कळलं की हाक बदलायची. माझ्या मते लहान शाखेत शिपायासारखा माहीतगार माणूस दुसरा नाही. नव्या क्लार्कला पहिल्या आठवड्यात त्याच्याशेजारी बसवावं.

बाई बसल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, "पाऊस काय म्हणता तुमच्याकडे? वाट धरली का?" बाई म्हणाल्या, व्हाळाला पाणी आहे, पण साकवावरून येता येतं. दोन वाक्यं झाली. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण या दोन वाक्यांत अधिकाऱ्याला बाईंना कितपत ऐकू येतं, कुठल्या कानानं बरं ऐकू येतं आणि त्या गोंधळलेल्या आहेत की फक्त रागावलेल्या, हे कळलं. शिवाय तेवढ्या वेळात बाईंचा हात मांडीवर स्थिरावला.

मग तिनं गाडीची वेळ विचारली. हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणात फार मोलाचा वाटतो. गाडी चुकण्याची धास्ती असेल तर खातेदार काहीही ऐकत नाही, फक्त हो हो म्हणत राहतो. "साडेबाराची गाडी आहे ना, सव्वाबाराला मी तुम्हाला मोकळं करते" असं सांगितल्यावर बाई खुर्चीत मागे टेकल्या.

त्यानंतर सहीचा विषय. तिचं वाक्य असं होतं: "बाई, सही तुमचीच आहे. आमच्याकडची जुनी झाली. ती बदलून घेऊ या का?" दोष नोंदीचा, हाताचा नाही. आणि हे खोटंही नव्हतं, नमुना खरोखरच जुना होता. बाईंनी विचारलं, "म्हणजे अंगठो नको?" ती म्हणाली, "आज नको. पुढे कधी सही करायचा कंटाळा आला तर तीही सोय आहे. तेव्हा तुम्ही सांगा." म्हणजे अंगठ्याची वाट बंद केली नाही आणि त्यांच्यावर लादलीही नाही.

नमुना सही बदलण्याची रीत बँकेगणिक थोडी वेगळी असली तरी गाभा सारखाच असतो. अर्ज, नवा फोटो, आधार आणि पॅनची प्रत मूळ कागदाशी ताडून, अधिकाऱ्यासमोर केलेल्या सह्या, त्यांचं स्कॅनिंग, आणि एकानं संगणकात घातलेलं दुसऱ्यानं मंजूर करणं. आधार आणि पॅन बाईंच्या पिशवीत होतं, फोटोसाठी शिपाई बाईंना समोरच्या स्टुडिओत घेऊन गेला. हे सगळं तिनं बाईंना एकदम सांगितलं नाही. आधी फक्त आधार मागितलं. ते हातात आल्यावर पॅन. मग फोटोचं. म्हाताऱ्या माणसाला "आधार, पॅन, दोन फोटो आणि अर्ज" असं एका दमात सांगितलं की पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, आणि पिशवीतले कागद दोनदा उपसले जातात.

सह्या घेण्याची जागा तिनं बदलली. स्वतःच्या टेबलाची कड मोकळी केली, बाईंचा कोपरापासूनचा हात टेबलावर टेकेल असं बसवलं आणि जाड दांड्याचं जेल पेन दिलं. पातळ बॉलपेनला दाब द्यावा लागतो आणि दाब दिला की थरथर कागदावर उतरते. नमुन्याच्या चौकटी लहान होत्या, म्हणून आधी कोऱ्या कागदावर दोन सह्या करवून घेतल्या. त्या चौकटीत घेण्याआधी म्हणाली, "मस्टरवर करायचात तशीच करा, बघू नका." सही झटक्यात आली. थरथर होतीच, पण फाटाही होता आणि रेघही.

इथं एक मोह असतो. नमुना देखणा यावा म्हणून सगळ्यात चांगली सही घ्यायची. तसं केलं की पुढच्याच महिन्यात पुन्हा जुळत नाही. नमुना रोजच्यासारखा हवा. बऱ्यापैकी आलेली आणि जरा बिघडलेली अशा दोन्ही सह्या तिनं नोंदीत घेतल्या, म्हणजे उद्या पास करणाऱ्याला हाताचा पल्ला कळेल.

सोबतचा मुलगा

सह्या चालू असताना मुलानं सहज म्हटलं, "मॅडम, अर्ज भरताच आसात तर मोबाईल नंबर पण माझो घाला. आजयेक मेसेज वाचूक येनत नाय."

मुलगा भला असेल, बहुधा होताच. पण खात्याशी जोडलेला नंबर बदलणं ही सही बदलण्याहूनही मोठी गोष्ट आहे. ओटीपी त्या नंबरवर जातो, आणि ज्याच्याकडे ओटीपी जातो त्याच्या हातात खात्याची अर्धी किल्ली असते. यावर मुलाला समोर नकार देणं हा अपमान झाला असता, आणि बाईंना मुलासमोर "तुम्हाला चालेल का?" विचारणं निरर्थक होतं. ज्याच्यासोबत एसटीतून परत जायचंय त्याच्यासमोर कोण नाही म्हणेल?

अधिकाऱ्यानं त्याला पासबुक दिलं. "जरा मशीनवर एन्ट्री मारून आणतोस?" तो गेल्यावर बाईंना हळू विचारलं, "बाई, तुमचा फोन कुठला? मेसेज आला तर कोण वाचून दाखवतं?" बाईंनी पदराखालून बटणाचा फोन काढला. मेसेज शेजारची मुलगी वाचते म्हणाल्या. नंबर बदलायचा का? "नको गो. माझो आसा तोच रवांदे." मुलगा परत आल्यावर अधिकारी एवढंच म्हणाली, "नंबर बदलायला वेगळा अर्ज लागतो, तो बाईंनी स्वतः द्यायचा. आज सहीचंच करू." कुणालाही बोल लागला नाही.

सोबत्याला काम देऊन दोन मिनिटं बाजूला करणं ही रीत प्रत्येक मोठ्या मागणीला वापरावी. नंबर, नॉमिनी, जॉइंट नाव, मुदतठेव मोडणं, यांपैकी काहीही सोबत्यानं सुचवलं की खातेदाराला एकट्याला विचारायचं. मुदतठेव मोडायला एकटं माणूस आलं असेल, घाबरलेलं असेल आणि फोन सतत कानाला असेल तर मामला निराळा असतो. तिथं सोबती म्हणजे फोनच्या पलीकडे बसलेला ठग असतो. अशा वेळी फोन बंद करायला सांगून आत बसवणं आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करणं, एवढं प्रत्येक काउंटरला ठाऊक हवं.

पैसे देताना

नवी सही मॅनेजरनं मंजूर केली आणि स्लिप पास झाली. रोकड देण्यासाठी बाईंना पुन्हा रांगेत उभं केलं नाही. क्लार्कलाच टेबलापाशी बोलावलं, कारण पुढच्या महिन्यात त्यांची गाठ त्याच्याशीच पडणार होती. त्यानं या वेळी मुलाकडे न पाहता बाईंना विचारलं, "पाचशेच्या देऊ की शंभरच्याही हव्यात?" बाईंना तीन हजार शंभरच्या नोटांत हवे होते. भटजींची दक्षिणा, बाजार, आरतीला येणारी पोरं, सुटे लागतात. मशीनवर मोजून झालं तरी त्यानं नोटा हातानं पुन्हा मोजल्या आणि मग बाई मोजून होईपर्यंत पुढचा टोकन नंबर पुकारला नाही. म्हाताऱ्या माणसाची रक्कम कमी पडल्याच्या तक्रारी बऱ्याचदा इथेच जन्मतात. मोजता मोजता मागून पुढचं नाव ऐकू येतं, मोजणी अर्धवट राहते, नोटा तशाच पिशवीत जातात आणि घरी गेल्यावर हिशोब लागत नाही.

पासबुकातली शिल्लक त्यानं मोठ्यानं वाचली नाही. ओळीवर बोट ठेवलं.

निघताना अधिकाऱ्यानं घरपोच सेवेचं सांगितलं. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्या होत्या की सत्तरीच्या पुढच्या आणि अपंग किंवा आजारी खातेदारांना रोख पोचवणं, केवायसीची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घरून घेणं अशा सोयी द्याव्यात. ज्येष्ठांना प्राधान्य देणारा काउंटर असावा हेही त्याच सूचनांत आहे. कागदावर हे छान दिसतं. पण माणसं मोजून पाच आणि गावं डोंगराआड पसरलेली, अशा शाखेत मागितल्या दिवशी माणूस घरी जाईलच असं नाही, आणि अधिकाऱ्यानं ते लपवलं नाही. "आधी फोन करा, दोन-तीन दिवस लागतील," असं तिनं सांगितलं. बाईंना ते नकोच होतं. महिन्यातून एकदा बाजारात येणं होतं, ओळखीची चार माणसं भेटतात, ते कशाला घालवा, असं त्यांचं म्हणणं. ज्येष्ठ माणसाला बँकेत यायला लागणं ही दर वेळी अडचणच असते असं धरून चालू नये.

बाईंना साडेबाराची गाडी मिळाली.

पुढच्या महिन्यात बाई आल्या तेव्हा क्लार्कनं चिठ्ठीवर आकडा लिहून विचारला, स्लिप टेबलापाशी बसून भरायला दिली आणि सही पहिल्याच वेळी पास केली. पण हात पुढे आणखी कापणार हे उघड आहे, आणि आज घेतलेला नमुना कधीतरी पुन्हा अपुरा पडेल. अधिकाऱ्यानं शाखेच्या डायरीत बाईंच्या खाते क्रमांकापुढे लिहून ठेवलं आहे: सही टेबलावर घ्यावी, जुळायला अवघड जाऊ लागल्यास नमुना बदलावा, अंगठ्याचा विषय खातेदारानं काढल्यासच. तिची बदली झाली तरी डायरी शाखेतच राहील.